नॅसचा पत्ता पक्का, नावही पक्के

रात्री अर्धा तास वीज जाते आणि परत येते. सकाळी टीव्हीवर घरचे व्हिडिओ उघडत नाहीत, लॅपटॉपवरच्या `Z:` ड्राइव्हवर लाल फुली दिसते आणि मोबाइलमधल्या फोटोंचा बॅकअप कुणाच्या लक्षातही न येता थांबलेला असतो. नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना नेटवर्कवरून एकाच वेळी वापरता येणारी साठवणपेटी, मात्र ठणठणीत असते. तिचे दिवे लुकलुकत असतात, डिस्क फिरत असतात. फरक एवढाच, की काल ती 192.168.1.137 या पत्त्यावर होती आणि आज 192.168.1.142 वर आहे. बाकीची उपकरणे तिला जुन्याच पत्त्यावर शोधत बसलेली असतात.

घरातले हे पत्ते राउटर वाटतो. त्या पद्धतीचे नाव डीएचसीपी. लॉजमधल्या खोलीसारखा पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि त्या मुदतीला लीज म्हणतात. साधारण अर्धी मुदत उलटली की उपकरण स्वतःहून मुदतवाढ मागते. त्यामुळे महिनोन्महिने तोच पत्ता टिकतो आणि तो कायमचाच आहे असे वाटू लागते. वीज गेली की हा समज उघडा पडतो. काही राउटर लीजची यादी तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये ती `/tmp/dhcp.leases` या फाइलमध्ये असते आणि राउटर बंद पडताच पुसली जाते. वीज आल्यावर मोबाइल चटकन वाय-फायला जोडले जातात, तर नॅसला सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. तोवर तिचा पत्ता दुसऱ्याच कुणाकडे गेलेला असू शकतो.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे नॅसच्याच सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने भरणे. तो चालतो, पण त्यात दोन खोट आहेत. राउटरला या व्यवहाराची काहीच कल्पना नसते, त्यामुळे तोच पत्ता तो एखाद्या पाहुण्याच्या मोबाइललाही देऊ शकतो. दुसरे म्हणजे, पुढे राउटर बदलला आणि नवा राउटर 192.168.0 ने सुरू होणारे पत्ते वाटू लागला, तर नॅस जुन्या मालिकेत अडकून पडते आणि तिचे सेटिंगचे पान उघडणेही मुश्कील होते. म्हणून नोंद राउटरमध्ये करणे बरे. नॅस डीएचसीपीवरच ठेवायची आणि राउटरला सांगायचे की हे यंत्र आले की त्याला हाच पत्ता द्यायचा. याला रिझर्व्हेशन म्हणतात. राउटरच्या मेनूत ते `Address Reservation` किंवा `Static Lease` अशा नावाखाली सापडते.

राउटर यंत्राला ओळखतो ते मॅक ॲड्रेसवरून. सहा जोड्यांचा हा क्रमांक नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो. इथे एक बारकावा आहे. दोन लॅन पोर्ट असलेल्या नॅसला प्रत्येक पोर्टचा वेगळा मॅक ॲड्रेस असतो. साफसफाईत केबल निघाली आणि पुन्हा लावताना शेजारच्या पोर्टात गेली, तर रिझर्व्हेशन लागू होत नाही. नोंद अगदी बरोबर असूनही पत्ता भलताच येतो, तेव्हा आधी केबल पाहावी.

ओपनडब्ल्यूआरटीचेच उदाहरण पुढे नेऊ. तिथे मूळ सेटिंगमध्ये 100 ते 249 हे शेवटचे आकडे आपोआप वाटले जातात. नॅसला त्याबाहेरचा, म्हणजे 192.168.1.20 हा पत्ता दिला की कुणाशी टक्कर व्हायचा प्रश्नच उरत नाही. (काही राउटर मात्र वाटपाच्या मालिकेतलाच पत्ता मागतात. त्यांच्यापुढे हट्ट चालत नाही.) `/etc/config/dhcp` या फाइलमध्ये एवढ्या ओळी घालायच्या:

```
config host
    option name 'nas'
    option mac '00:00:5E:00:53:1F'
    option ip '192.168.1.20'
    option dns '1'
```

मॅक ॲड्रेस अर्थातच आपल्या नॅसचा लिहायचा. मग `service dnsmasq restart` ही आज्ञा द्यायची आणि नॅस एकदा बंद करून सुरू करायची. नाहीतर तिची आधीची लीज अर्धी संपेपर्यंत ती जुन्याच पत्त्यावर राहते आणि सेटिंग चुकले असे उगाच वाटते.

वरच्या नोंदीतली शेवटची ओळ नावासाठी आहे. नावावरून पत्ता सांगण्याचे काम डीएनएसचे. ती ओळ असली की राउटर घरापुरते `nas.lan` हे नावही ओळखू लागतो. `lan` हे ओपनडब्ल्यूआरटीचे मूळ आडनाव. घरगुती नेटवर्कसाठी अधिकृतपणे राखून ठेवलेले आडनाव `home.arpa` असून ते 2018 मध्ये ठरले. त्याच फाइलच्या सुरुवातीच्या `config dnsmasq` या भागात `domain` आणि `local` हे दोन पर्याय बदलले की यंत्राचे पूर्ण नाव `nas.home.arpa` होते. आडनाव म्हणून `.local` मात्र इथे वापरू नये. ते एमडीएनएस या वेगळ्या पद्धतीसाठी राखलेले आहे. त्या पद्धतीत राउटरला न विचारता यंत्रे एकमेकांनाच हाक मारून नाव विचारतात. दोन्हींची सरमिसळ केली की एका लॅपटॉपवर नाव चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही.

इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरमध्ये रिझर्व्हेशन बहुधा मिळते, पण घरगुती नावे नोंदवण्याची सोय अनेकदा नसते. अशा घरी रास्पबेरी पायवर पाय-होल बसवून त्यात नाव नोंदवता येते. मग त्या पायलाही रिझर्व्हेशन द्यावे लागते आणि राउटरने डीएनएस म्हणून सगळ्यांना त्याचाच पत्ता सांगावा लागतो. पाय बंद पडला तर घरभर ‘नेट गेलं’ अशी ओरड होते, हेही गृहीत धरावे. म्हणून खबरदारी घ्यावी आणि दुसरा डीएनएस 8.8.8.8 भरावा, असा मोह होतो. तो टाळलेला बरा. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारायचे, असा नियम सगळी उपकरणे पाळत नाहीत. आणि गुगलच्या त्या सर्व्हरला घरातली नॅस माहीत असण्याचे कारण नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी याच जातीची असते. पत्ता टाकला की नॅस उघडते, नाव टाकले की उघडत नाही. अशा वेळी लॅपटॉपवर दोन आज्ञा देऊन उत्तरे ताडून पाहावीत:

```
nslookup nas.home.arpa
nslookup nas.home.arpa 192.168.1.1
```

दुसऱ्या आज्ञेत प्रश्न थेट राउटरला जातो. तिथून 192.168.1.20 असे उत्तर आले आणि पहिलीला मात्र नाव सापडले नाही, तर राउटरमधली नोंद ठीक आहे. लॅपटॉपच दुसऱ्या कुणाला तरी विचारतो आहे. पहिल्या उत्तराच्या सुरुवातीला ज्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, तो वाचला की चोर सापडतो. तिथे आयपीव्ही6 चा लांबलचक पत्ता असेल, तर बहुधा कंपनीचा डीएनएस त्या वाटेने लॅपटॉपपर्यंत पोहोचला आहे आणि तो राउटरच्या आयपीव्ही6 सेटिंगमध्ये बंद करावा लागेल. दोन्ही उत्तरे बरोबर असूनही फक्त ब्राउझरमध्ये नाव उघडत नसेल, तर त्यातला `Secure DNS` पाहावा. अँड्रॉइड फोनमध्ये `Private DNS` या सेटिंगखाली बाहेरच्या सर्व्हरचे नाव भरलेले असेल, तर तो फोनही राउटरला वगळून परस्पर बाहेर विचारतो.

नाव चालू लागले, की उरते ते किचकट काम. टीव्हीच्या ॲपमध्ये, मोबाइलच्या बॅकअपमध्ये आणि विंडोजच्या `Z:` ड्राइव्हमध्ये अजून जुना आकडाच लिहिलेला असतो. तो एकेका ठिकाणी जाऊन बदलावा लागतो. `Z:` तोडून `\\nas.home.arpa\photos` असा पुन्हा जोडला की विंडोज पासवर्ड नव्याने मागतो, कारण आधीचा पासवर्ड त्याने जुन्या पत्त्याच्या नावे जपलेला असतो. एखाद्या टीव्हीला नाव पचतच नसेल, तर तिथे 192.168.1.20 लिहून मोकळे व्हावे. तो पत्ता आता हलणार नाही.