रॉ फाइल आणि शेजारच्या फ्रेम

२०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डागसेन यांच्या चित्राला एका विभागात बक्षीस मिळालं. ते एआयनं बनवल्याचं सांगून त्यांनी ते नाकारलं.

म्हणून नियमातच लिहावं: एआय चित्रांचा विभाग वेगळा; उजेड, रंग सुधारलेले चालतील, पण आकाश बदललं तर ते जोडचित्र, आणि त्यासोबत प्रत्येक मूळ फोटो द्यायचा.

अंतिम फेरीत परीक्षकांनी रॉ फाइलबरोबर आधीच्या-नंतरच्या चार-पाच फ्रेमही मागाव्यात. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात, मागची फांदी तीच राहते. असा सलग पुरावा बनवणं फार अवघड. फाइलमधली तारीख, कॅमेऱ्याचं नाव मात्र सहज बदलता येतं. एआय ओळखणारं सॉफ्टवेअर तर कधी खऱ्या फोटोलाही खोटं ठरवतं. केवळ त्याच्या भरवशावर कुणाला बाद करू नये.