चेकबुक हरवल्यावर अर्जात काय लिहायचं?

चेकबुक हरवलं की बहुतेक जण अर्जात एवढंच लिहितात: "माझे सर्व चेक बंद करावेत." पण स्टॉप पेमेंटची नोंद करताना बँकेतल्या माणसाला चेकचे नंबर भरावे लागतात, कुठून कुठपर्यंत ते. ते नंबर आपण दिले नाहीत तर तो अंदाजाने भरणार, आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा, 25 पानांचं चेकबुक होतं, 452101 ते 452125. पासबुकात 452105 पर्यंतचे चेक वटलेले दिसतात. 452106 सोसायटीला मेंटेनन्सपोटी दिलाय, पण त्यांनी तो अजून भरलेला नाही. म्हणजे कोरे उरले 452107 पासून पुढचे 19. अख्खं चेकबुक बंद करून घेतलं, तर सोसायटीचा चेक परत येईल. खातेदाराने पेमेंट थांबवल्यामुळे परत आलेल्या चेकवरही कलम 138 खाली खटला होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून दिलेला चेक अर्जात वेगळा सांगायचा:

"मा. शाखाधिकारी यांस, स. न. वि. वि. माझ्या बचत खाते क्र. … चे चेकबुक दि. … रोजी गहाळ झाले आहे. त्यातील क्र. 452107 ते 452125 हे 19 चेक कोरे असून त्यांवर माझी सही नाही. त्यांचे पेमेंट थांबवावे. क्र. 452106 मी दिलेला आहे, तो वटवावा. चेकबुकातील मागणी स्लिपही गहाळ झाली आहे, तिच्यावर नवीन चेकबुक देऊ नये."

मागणी स्लिपचं वाक्य सहसा राहून जातं. ती स्लिप घेऊन दुसराच कुणी नवं चेकबुक मागायला येऊ शकतो.

चेकबुकाचे नंबर टिपून ठेवले नसतील, तर कोणत्या नंबरांचं चेकबुक दिलं याची नोंद शाखेत असते. मात्र त्यातला शेवटचा चेक कुणाला दिला, हे आपल्यालाच आठवावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्यावी. ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सलग क्लिअरिंगला जातात आणि त्याच दिवशी वटू शकतात, म्हणून वेळेची नोंद महत्त्वाची. शाखा बंद असेल तर ॲपवरून किंवा फोन करून आधी पेमेंट थांबवावं आणि अर्ज नंतर द्यावा.

"त्यांवर माझी सही नाही" हे वाक्य मात्र खरं असेल तरच लिहावं. खोट्या सहीच्या चेकवर बँकेला आपल्या खात्यातून पैसे वळते करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात सांगितलं. सही करून ठेवलेल्या कोऱ्या चेकला हे संरक्षण मिळत नाही. असा चेक त्यात असेल, तर त्याचा नंबर अर्जात सगळ्यात आधी लिहावा आणि पोलिसांत तक्रारही नोंदवावी.