नऊ महिने पॉज असलेली कॅम्पेन पुन्हा सुरू करताना

देवगड हापूस थेट ग्राहकाला विकणारा एक बागायतदार धरू. गुगलवर 'हापूस पेटी ऑनलाइन' असं शोधणाऱ्यांना त्याची जाहिरात दिसते. जूनमध्ये माल संपला की तो कॅम्पेन पॉज करतो आणि फेब्रुवारीअखेर पहिल्या पेट्या निघू लागल्या की पुन्हा चालू करू पाहतो. बटण एका क्लिकचं असतं. मधल्या नऊ महिन्यांविषयी मात्र उलटसुलट ऐकायला मिळतं.

गैरसमज : इतके दिवस बंद होती म्हणजे सगळं शून्यावर आलं. जुनी काढून टाकून नवी करावी.

पॉज केल्याने काहीही पुसलं जात नाही. कीवर्ड, जाहिराती, नको असलेल्या शब्दांची यादी, मागच्या मोसमाचे आकडे, सगळं जागेवर असतं. क्वालिटी स्कोअरच्या रकान्यात आकड्याऐवजी रेघ दिसली की लोक घाबरतात. त्या रेघेचा अर्थ एवढाच, की अलीकडचा पुरेसा डेटा नाही. पॉजची शिक्षा म्हणून गुण कापलेले नसतात, कारण जाहिरातीचा दर्जा प्रत्येक लिलावाच्या वेळी नव्याने पाहिला जातो. कॅम्पेन काढून टाकली, तर ती पुन्हा चालू करता येत नाही. तो मार्ग धरूच नये.

खरोखर रिकामी होते ती रीमार्केटिंगची यादी. तिची मुदत साधारण ३० दिवसांवर ठेवलेली असते, त्यामुळे मे महिन्यात साइटवर येऊन गेलेले लोक केव्हाच गळालेले असतात. ज्याने ती ५४० दिवसांवर नेली होती, त्याच्याकडे मागच्या मोसमाचे ग्राहक अजून आहेत. आणि एखादा मोसम पूर्ण चुकला असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी : १३ महिने एकदाही न दिसलेले जुने कीवर्ड आणि अ‍ॅड ग्रुप गुगल स्वतःच पॉज करतं. कॅम्पेन चालू केली तरी ते आपोआप जागे होत नाहीत.

गैरसमज : मग जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होईल.

हा गैरसमज जास्त महाग पडतो. आपल्या बागायतदाराने टार्गेट सीपीए, म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च, २५० रुपये ठेवला होता. तो मे महिन्याचा आकडा. तेव्हा पेटी स्वस्त होती आणि लोक पटापट घेत होते. मार्चच्या सुरुवातीला भाव चढे असतात. क्लिक करणारे बरेचसे नुसता दर पाहून जातात. तरीही लक्ष्य २५०च ठेवलं, तर यंत्रणा बोली खाली ओढते, जाहिरात क्वचितच दिसते आणि मालकाला वाटतं अकाउंटलाच काहीतरी झालंय.

म्हणून सुरुवातीला लक्ष्य सैल ठेवावं, समजा ४०० रुपये. स्टेटसमध्ये Learning दिसो वा न दिसो, बोली नव्या परिस्थितीत बसायला वेळ लागतो. गुगलचा ढोबळ अंदाज सुमारे ५० कन्व्हर्जनचा आहे. रोजचं बजेट १,५०० रुपये आणि ऑर्डर ४०० रुपयांना पडत असेल, तर दिवसाला चारही ऑर्डर होत नाहीत. ५० गाठायला तेरा-चौदा दिवस जातात. अक्षय्य तृतीयेची गर्दी पकडायची असेल, तर आदल्या आठवड्यात सुरू करून भागत नाही. या काळात दर दोन दिवसांनी लक्ष्य बदलत बसणाऱ्याचे तेरा दिवस लांबतच जातात.

गैरसमज : मागच्या वर्षी मोजणी नीट चालत होती, म्हणजे आताही चालते.

मी तरी सगळ्यात आधी हेच तपासेन. समजा, पावसाळ्यात साइट नव्याने बांधून घेतली आणि ऑर्डरनंतरच्या 'धन्यवाद' पानाचा पत्ता बदलला. कन्व्हर्जन टॅग जुन्या पत्त्याची वाट पाहत बसतो. साइटवर ऑर्डरी येतात, गुगलला मात्र शून्य दिसतं, आणि ते बोली आणखी कमी करतं. उलटही होतं : टॅग प्रत्येक पानावर बसला, तर नुसता डोकावणाराही ग्राहक म्हणून मोजला जातो. टॅग असिस्टंट लावून एक खरी ऑर्डर टाकावी आणि टॅग शेवटच्या पानावर, एकदाच आणि बरोबर रकमेसह चालतो का ते पाहावं. ही ऑर्डर अ‍ॅड्सच्या अहवालात शोधू नये. जाहिरातीवरच्या क्लिकशिवाय आलेली ऑर्डर तिथे मोजली जात नाही.

मग जाहिरातीचा मजकूर. 'शेवटच्या पेट्या' आणि मागच्या वर्षीचा दर तसाच राहिलेला असतो, साइटलिंक बंद पानावर नेतात. बदललेली जाहिरात पुन्हा तपासणीला जाते, तेव्हा हे काम किमान दोन दिवस आधी उरकावं. कॅम्पेनला शेवटची तारीख दिली होती का, तेही पाहावं. स्टेटस Ended असेल, तर तारीख बदलल्याशिवाय ती चालणार नाही.

चालू केल्यावर एखाद्या दिवशी १,५००च्या जागी ३,००० रुपये गेले, तर लगेच पॉज करू नये. एका दिवशी दुपटीपर्यंत खर्च गुगलच्या नियमात बसतो. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, इथे ४५,६०० रुपये. त्या आठवड्यात खर्चापेक्षा सर्च टर्म्सचा अहवाल वाचावा. 'हापूस कलम' आणि 'आंब्याची रोपे' शोधणारे तिथेच सापडतात.