‘नको रे’ची तालीम

जेवणानंतर दात घासावेत, यात वाद घालण्यासारखं काय आहे? नेमकी तीच गोम! ज्या मतावर कधी कुणी शंकाच घेतलेली नाही, ते पहिल्याच हल्ल्यात डळमळतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांतून दाखवलं. त्याच मतावर आधी एक लेचापेचा हल्ला करून त्याला उत्तर द्यायला लावलं, तर मात्र पुढचा जोरदार हल्लाही माणूस पचवतो. लसीसारखंच.

पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड इव्हान्स यांनी ही लस ह्यूस्टनच्या शाळांत नेली. सिगारेट वाईट, हे मुलांना पाठ होतं. पण ती पुढे करणारा असतो जिवलग मित्र, आणि उत्तर द्यायला मिळतात जेमतेम दोन सेकंद. मग ते उत्तर आधीच तोंडात बसवून ठेवायचं.

तालीम कशी चालते ते पाहा. क्लासमागची टपरी आहे असं समजायचं. थोडी मोठी दोन मुलं मित्र होतात. नववीतला एक जण मधे उभा.

‘‘घे, एकच कश.’’

‘‘नको रे, मला... म्हणजे घरी वास येईल...’’

थांबा. इथेच गाडी फसते, कारण प्रत्येक कारणाला तोड निघते. ‘‘बडीशेप खा, कळणारही नाही!’’ दिलेलं कारण खोडलं गेलं की हातात नकार उरतच नाही. म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

‘‘नको रे, मी नाही ओढत.’’

‘‘घाबरतोस काय बे?’’

‘‘नाही ओढत म्हटलं ना. चल, वडापाव खाऊ.’’

वाक्य आखूड, दुसऱ्यांदाही जवळपास तेच. मान वर, हात खिशात, आणि लगेच पाय हलवायचे. मैत्रीला धक्का नाही, फक्त सिगारेटला नकार. तिसऱ्या-चौथ्या फेरीला आवाजातलं कापरं जातं, ते बघण्यासारखं असतं. नुसत्या व्याख्यानाने ते होत नाही.

आणि तरीही एवढ्याने भागत नाही! विल्यम हॅन्सन आणि जॉन ग्रॅहम यांनी 1991 साली कॅलिफोर्नियातल्या शाळांतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता नकार घोकून घेतलेल्या मुलांना फारसा फायदा झालेला नव्हता. ‘वाटतं तितकी मुलं व्यसन करतच नाहीत’ हे ज्यांना दाखवून दिलं, त्यांच्यात मात्र फरक पडला. मला हे फार मार्मिक वाटतं. नकाराचा एवढा सराव करून घेतात म्हणजे सगळेच ओढत असणार, असं मूल मनोमन धरून चालतं. शिवाय ज्याला स्वतःलाच ओढून बघायचं आहे, त्याच्या कामी पाठ केलेलं वाक्य कसं येणार?

म्हणून जाणकार शिक्षक तालमीआधी बिननावाच्या चिठ्ठ्या गोळा करतात. प्रश्न दोनच: तू ओढतोस का? वर्गातले किती जण ओढत असतील? दुसऱ्या प्रश्नाचे आकडे बहुधा फुगलेले निघतात. पहिल्याची बेरीज आणि दुसऱ्याची सरासरी फळ्यावर शेजारीशेजारी मांडायची, मुलांना बघू द्यायचं, आणि मग टपरीचा प्रसंग सुरू करायचा.