‘थांबतेस का?’ला पाच वाक्यांचं उत्तर

माझी भाची चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होती. नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले होते. 3 जूनला तिने राजीनामा दिला, कारण दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं होतं, तिने सही करून ते परत पाठवलं होतं आणि 1 सप्टेंबर ही रुजू होण्याची तारीखही ठरली होती. चार दिवस तिच्या ऑफिसात कोणीच काही बोललं नाही. पाचव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "थांबतेस का? पगाराचं मी बघतो."

यालाच नोकरीच्या बाजारात काउंटर ऑफर म्हणतात. माणूस जायला निघाला की मगच ती पुढे येते. मी स्वतः बरीच वर्षं कंपन्यांच्या एचआर विभागात काढली आहेत. टेबलाच्या पलीकडे बसून अशा ऑफर मी तयार केल्या आहेत आणि त्यांना आलेली उत्तरंही वाचली आहेत. माणसं नाही म्हणतात म्हणून कधी अडचण झाली नाही. अडचण व्हायची ती नाही म्हणायचं असताना नीट न म्हटल्यामुळे. भाचीचंही तसंच होणार होतं. केबिनमध्ये ती "विचार करून सांगते सर" एवढं बोलून बाहेर आली आणि संध्याकाळी तिचा मला फोन आला, "मावशी, आता काय लिहू?"

आधी आम्ही आकडे कागदावर मांडले. तिचा तेव्हाचा पगार वर्षाला 9 लाख होता आणि नव्या ठिकाणी 12 लाख मिळणार होते. साहेबांनी 12 लाख 50 हजार म्हटले होते, म्हणजे वरवर पाहता 50 हजार जास्त. पण त्यातले दीड लाख रिटेन्शन बोनसचे होते. तो एकदाच मिळणार होता, दोन हप्त्यांत, आणि अठरा महिन्यांच्या आत कंपनी सोडली तर परत करावा लागणार होता. तो बाजूला काढला की दरवर्षी मिळणारा पगार उरला 11 लाख. पुढच्या एप्रिलची वाढ यातच धरली आहे, हेही साहेब बोलता बोलता सांगून गेले होते. काउंटर ऑफरमध्ये एकरकमी पैसा आणि कायमचा पगार एकाच बेरजेत दाखवण्याची पद्धत आहे. आम्हीही तेच करायचो. म्हणून ती बेरीज आधी सोडवून घ्यावी लागते.

साहेबांचा एक मुद्दा मात्र खरा होता. "अजून दहा महिने थांबलीस तर ग्रॅच्युइटी मिळेल," असं ते म्हणाले. कायम नोकरीत पाच वर्षं झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. महिन्याचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं, असा तिचा हिशेब असतो. भाचीचा बेसिक 37,500 होता आणि महागाई भत्ता वेगळा नव्हता. म्हणजे त्याच पगारावर पाच वर्षांचे सुमारे 1 लाख 8 हजार रुपये झाले असते. ते तिला सोडावे लागणार होते. वर्षाला 3 लाखांची वाढ समोर असल्यामुळे तिने ते मान्य केलं. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर मात्र ही गोष्ट राजीनाम्याच्या आधी बघायची असते. दुसरीकडे सही करून झाल्यावर तो हिशेब उघडण्यात अर्थ नसतो.

मग तिने मेलचा मसुदा पाठवला. तो दीड पानाचा होता. सुरुवातीला साहेबांचे आभार, मग दोन वर्षं सीनियर पद मागितलं तरी मिळालं नाही याची हकिगत, मग नव्या कंपनीचं नाव आणि पगार, आणि शेवटी "त्यामुळे सध्या तरी मला हा प्रस्ताव स्वीकारणं कठीण वाटतंय". पुन्हा भेट होईलच, वगैरे.

तिची तक्रार खोटी नव्हती. पण नकाराच्या मेलमध्ये तक्रार लिहिली की तिचं निवारण करता येतं, हे ती विसरली होती. पद नव्हतं? घे पद. नव्या कंपनीचा आकडा लिहिला की समोरच्याला किती रकमेवर मात करायची तेही कळतं आणि दोन दिवसांत नवा आकडा येतो. आणि "सध्या तरी", "कठीण वाटतंय" हे शब्द आपण सभ्यपणा म्हणून लिहितो, पण एचआरमध्ये बसलेला माणूस ते "अजून थोडं ताणलं तर थांबेल" असे वाचतो. असे मेल आले की आम्ही फाइल बंद करत नसू. वरच्या साहेबांशी एक बैठक लावत असू.

आम्ही एकेक वाक्य काढत गेलो. नव्या कंपनीचं नाव काढलं, पगार काढला, पदाची हकिगत काढली. ती काढताना भाचीला वाईट वाटलं, कारण ते सगळं तिच्या मनात साठलेलं होतं. मी तिला म्हटलं, शेवटी एक्झिट इंटरव्ह्यू होतो, तिथे हे शांतपणे सांग. तिथे सांगितल्यामुळे तुझ्या जागी येणाऱ्याचा तरी उपयोग होईल. अर्ध्या तासानं जे उरलं ते असं:

"सर, नमस्कार. पगारवाढीचा आणि सीनियर पदाचा प्रस्ताव तुम्ही माझ्यासाठी मांडलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी दुसरीकडची नोकरी स्वीकारून त्यांना शब्द दिला आहे, त्यामुळे हा प्रस्ताव मला स्वीकारता येणार नाही. 3 जूनचा माझा राजीनामा कायम आहे आणि नोटीस पीरियडप्रमाणे 31 ऑगस्ट हा माझा शेवटचा दिवस राहील. माझ्याकडच्या दोन ग्राहकांच्या ऑडिटचं काम कोणाकडे सोपवायचं ते कृपया कळवावं, म्हणजे याच आठवड्यात हँडओव्हर सुरू करते."

नमस्कार धरून पाच वाक्यं. तिने ती ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत पाठवली, पण क्रम हाच ठेवला. यात कारण एकच आहे, दिलेला शब्द. या कारणावर कोणी उपाय सुचवू शकत नाही, कारण ते पगार, पद किंवा प्रवास यांच्याबद्दल नाही. शिवाय ते खरं आहे. नव्या कंपनीने त्या जागेसाठी बाकीच्या उमेदवारांना नाही कळवलेलं असतं. सही केल्यावर मागे फिरणाऱ्याची नोंद तिथल्या एचआरमध्ये राहते, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, तशा नोंदी मी ठेवल्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तारखेचं आहे. भाचीचा नोटीस पीरियड 90 दिवसांचा. 3 जून हा पहिला दिवस धरला की जूनचे 28, जुलैचे 31 आणि ऑगस्टचे 31 मिळून बरोबर 90 होतात आणि 31 ऑगस्टला मोकळं होता येतं. पण "विचार करून सांगते" म्हटल्यावर साहेबांनी कंपनीच्या पोर्टलवर तिचा राजीनामा मंजूर न करता तसाच ठेवला होता. असं बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नाही. बोलणी चालू आहेत, मग मंजुरी कशाला द्यायची, असा सरळ विचार असतो. पुढे मात्र कोणीतरी म्हणतं की तुझा पक्का निर्णय 10 जूनला कळला, दिवस तिथून मोजू. तसं झालं असतं तर शेवटचा दिवस 7 सप्टेंबर निघाला असता आणि 1 तारखेची नवी नोकरी अडचणीत आली असती. मग आठवडाभराचा पगार भरून नोटीस विकत घ्यायची, नाहीतर नव्या कंपनीकडे मुदत मागायची. दोन्ही गोष्टी समोरच्याच्या मर्जीवर.

म्हणून नकार ऑफर मिळाल्यापासून एक-दोन दिवसांत जायला हवा आणि तो राजीनाम्याच्याच मेलला उत्तर म्हणून जायला हवा, साहेबांना आणि सोबत एचआरला. त्यामुळे राजीनाम्याची मूळ तारीख त्याच साखळीत खाली दिसत राहते. भाचीने राजीनामा देतानाच आपला खासगी ईमेल पत्ता त्यात उघडपणे जोडला होता. ऑफिसचं खातं बंद झाल्यावरही तिच्याकडे तारखेचा पुरावा राहणार होता. हे प्रत्येकाने करावं. मेलमध्ये कंपनीच्या कामाचं गोपनीय काही नसतं, त्यामुळे त्याला हरकत येत नाही.

ऑफर तोंडी मिळाली असेल तर नकारही आधी तोंडी द्यावा, असं माझं मत आहे. ज्याने आपल्यासाठी वर जाऊन भांडून पगार मंजूर करून आणला, त्याला थेट मेलने कळवणं रुक्ष आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची केबिनमध्ये गेली, हीच दोन वाक्यं बोलली, बसली नाही, आणि जागेवर येऊन मेल पाठवला.

दुपारी प्लांटच्या प्रमुखांचा फोन आला. हा फोन येतोच. त्यांनी विचारलं की नेमकं काय कमी पडलं. अशा वेळी सौजन्य म्हणून एखादं नवीन कारण सांगण्याचा मोह होतो, नवी जागा घराजवळ आहे वगैरे. पण नवीन कारण दिलं की बोलणी पुन्हा सुरू होतात. तिने मेलमधलंच वाक्य सांगितलं, "सर, मी शब्द दिलाय." फोन दोन मिनिटांत संपला. तासाभराने मेलला उत्तर आलं. त्यात शुभेच्छा होत्या आणि ऑडिटचं काम कोणाकडे द्यायचं त्याचं नाव होतं. पोर्टलवर राजीनामा मंजूर झाला, शेवटच्या दिवसापुढे 31 ऑगस्ट हीच तारीख होती. रिलिव्हिंग लेटर तिला त्याच दिवशी मिळालं.

असा मेल लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी नव्या कंपनीचं सही झालेलं पत्र हातात आहे ना ते बघा. नुसतं "तुमची निवड झाली आहे" असा फोन आला असेल तर नकार पाठवू नका. पत्र असेल तर कॅलेंडर घ्या, राजीनाम्याच्या दिवसापासून नोटीसचे दिवस मोजा आणि निघालेली तारीख मेलमध्ये आकड्यांत लिहा.