निवेदनाखालचं संगीत

अभिवाचनाची फीत ऐकताना घरातली वडीलधारी माणसं ‘जरा आवाज वाढव’ म्हणतात. आपण आवाज वाढवतो. निवेदन मोठं होतं, पण त्याखालची बासरीही तेवढीच मोठी होते, आणि वाक्य पूर्वीइतकंच अस्पष्ट राहतं. श्रोत्याला कमी पडत होतं ते निवेदन आणि संगीत यांच्यातलं अंतर. ते अंतर ध्वनिमिश्रण करतानाच ठरतं. फाइल एकदा बाहेर पडली की श्रोत्याच्या हातातलं बटण त्यात काही करू शकत नाही.

बोलण्यातली ताकद स्वरांत असते आणि अर्थ बराचसा व्यंजनांत असतो. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतला ‘आ’ भरघोस ऐकू येतो. दोन शब्दांना वेगळं करते ती ‘ठ’बरोबर निसटणारी हवेची बारीकशी फुंकर. ‘ताट’ आणि ‘ताठ’, ‘गोडा’ आणि ‘घोडा’ यांचंही तेच. व्यंजनांच्या या खुणा साधारण दोन हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतात, क्षणभरच टिकतात आणि फार दुबळ्या असतात. त्याच पट्ट्यात दुसरा आवाज चालू असेल तर कान त्यांना उचलतच नाही. वयोमानानं ऐकू कमी येऊ लागतं तेही आधी याच वरच्या पट्ट्यातलं, त्यामुळे तिशीतल्या संकलकाला सहज कळलेलं वाक्य सत्तरीतल्या श्रोत्याला कळत नाही.

म्हणून संगीत निवडतानाच निम्मं काम होतं. शब्द असलेलं गाणं निवेदनाखाली घालूच नये, कारण कान दोन्हीकडचे शब्द पकडायला धावतो. बासरी, सारंगी, हार्मोनियम ही वाद्यं मानवी आवाजाच्याच टापूत वावरतात. सगळ्यात फसवा असतो तो तानपुरा. तो शांत वाटतो, पण जवारीमुळे त्याचे वरचे स्वरांश दाट असतात आणि ते अखंड चालू राहतात. व्यंजनांना श्वास घ्यायला फट मिळत नाही. तानपुरा हवाच असेल तर इक्वलायझरनं त्याच्या दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यातून पाचेक डेसिबल काढून घ्यावेत. तानपुरा तानपुराच राहतो आणि बोलणं उघडं पडतं.

अंतर किती ठेवायचं? वेबवरचा मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत ध्वनीसाठी एक स्पष्ट आकडा दिलेला आहे: पार्श्वभूमीचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलनं खाली असावा, एखाद-दोन सेकंदांच्या तुरळक आवाजांना सूट. हा तिथला सर्वांत कडक पातळीवरचा निकष आहे, आणि निवेदनासाठी तोच धरावा असं माझं ठाम मत आहे. २० डेसिबल खाली म्हणजे शक्तीनं शंभरावा हिस्सा, पण कानाला ते संगीत साधारण पाव पटीनं हळू वाटतं. म्हणजे ते नाहीसं होत नाही. बनवणाऱ्याला मात्र ते नेहमीच कमी वाटतं, कारण त्याला संहिता पाठ झालेली असते. न ऐकू आलेलं अक्षर त्याचा मेंदू आठवणीतून भरून काढतो.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. बारा मिनिटांचं कथावाचन आहे, एक निवेदिका, सोबत तानपुरा आणि बासरीचा एक तुकडा. काम ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर करायचं आहे. निवेदन घरच्या माइकवर हळू मुद्रित झालेलं, उणे २४ एलयूएफएस. संगीताची फाइल स्टुडिओतून तयार होऊन आलेली, उणे १४. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ मध्ये ते मोजण्याची पद्धत ठरवून दिली. नुसत्या लहरीची उंची न मोजता, कान कोणत्या पट्ट्याला जास्त संवेदनशील आहे ते धरून सरासरी काढली जाते, आणि शांत जागा त्या हिशेबातून वगळल्या जातात. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. म्हणजे आपल्या उदाहरणात संगीत निवेदनापेक्षा दहा डेसिबल वर बसलेलं आहे, आणि आपल्याला ते वीस डेसिबल खाली हवं आहे.

आधी फक्त निवेदनाचा ट्रॅक निवडून `Loudness Normalization`नं तो उणे १६ वर आणायचा. आवाज एका वाहिनीत मुद्रित असेल तर तिथली `Treat mono as dual-mono` ही खूण चालू ठेवायची, नाहीतर दोन वाहिन्यांच्या संगीताशी तुलना करताना तीन डेसिबलची गफलत होते. आवाज आठ डेसिबलनं वर आला की एखादा ‘प’ किंवा मोठ्यानं उच्चारलेला शब्द शून्याला टेकतो, म्हणून `Limiter` लावून शिखरं उणे २ च्या आत ठेवायची. मग संगीताचा ट्रॅक निवडून तो त्याच पद्धतीनं उणे २२ वर न्यायचा. निवेदन थांबलेलं असताना संगीत या पातळीवर वाजेल. बोलणं सुरू झालं की ते आणखी १४ डेसिबल खाली, म्हणजे उणे ३६ वर जायला हवं.

निवेदन सुरू झालं की संगीत आपोआप खाली वाकतं आणि संपलं की वर येतं, याला डकिंग म्हणतात. ऑडॅसिटीत त्यासाठी `Auto Duck` आहे. संगीताचा ट्रॅक वर आणि निवेदनाचा त्याच्या लगेच खाली ठेवायचा, संगीत निवडायचं आणि `Duck amount` उणे १४ करायचं. खरा प्रश्न पुढे असतो. कथा वाचताना दोन वाक्यांमध्ये सेकंदभराची विश्रांती येतेच. संगीत तेवढ्यात वर उसळलं आणि पुढच्या वाक्याला पुन्हा दबलं, तर ते सारखं फुगतं आणि आकसतं, आणि श्रोत्याचं लक्ष कथेवरून उडून त्या हेलकाव्याकडे जातं. ते टाळण्यासाठी `Maximum pause` तीन सेकंद ठेवायचा. मग तीन सेकंदांपेक्षा लहान विश्रांतीत संगीत खालीच राहतं आणि परिच्छेद संपला, प्रसंग बदलला, की मगच वर येतं. खाली जायला एक सेकंद, वर यायला दीड सेकंद, हा वेग कथेला चांगला बसतो. हे सॉफ्टवेअर मुद्रित ट्रॅक आधीच पाहू शकतं, त्यामुळे उतार निवेदिकेचं पहिलं अक्षर येण्याआधीच पूर्ण होतो.

शेवटचं अक्षर मात्र सांभाळावं लागतं, आणि मराठीत तर फारच. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं आणि नकारही तिथेच असतो. ‘त्या रात्री तो घरी परतला नाही’ हे वाक्य वाचताना कसलेली निवेदिका ‘नाही’वर आवाज खाली सोडते. त्यातच प्रसंगाची कळ असते. `Threshold`चा मूळ आकडा उणे ३० डेसिबल आहे. त्याच्या खाली गेलेल्या आवाजाला सॉफ्टवेअर शांतता समजतं आणि संगीत चढवायला लागतं. परिच्छेदाच्या टोकाला नेमकं ‘नाही’ त्या चढणाऱ्या बासरीत सापडतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तो घरी परतला. म्हणून हा आकडा उणे ३८-४० पर्यंत उतरवून पाहावा. त्यालाही मर्यादा आहे: खोलीत पंख्याची घरघर मुद्रित झाली असेल तर सॉफ्टवेअर तिलाच बोलणं समजेल आणि संगीत कधी वर येणारच नाही. अशा वेळी प्रत्येक परिच्छेदाचा शेवट `Envelope Tool`नं हातानं घडवावा. वेळ जातो, पण चांगलं अभिवाचन शेवटी असंच तयार होतं. मी तर `Auto Duck`ला कच्चा आराखडाच मानतो.

दोन्ही ट्रॅक एकत्र केले की येतं लाउडनेसचं लक्ष्य. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ ठरवलं, अॅपल पॉडकास्टसाठी उणे १६ सुचवते, एक डेसिबल इकडे-तिकडे चालतं, आणि शिखरं उणे १ च्या वर नकोत. आपलं निवेदन आधीच उणे १६ वर आहे. वीस डेसिबल खालचं संगीत एकूण आकड्यात जवळपास काहीच भर घालत नाही, त्यामुळे शेवटी किरकोळच सुधारणा करावी लागते.

पण हा आकडा संपूर्ण फाइलचा असतो, आणि इथे बरेच जण फसतात. समजा, एक मिनिटाचं शीर्षकसंगीत उणे १० वर ठेवलं आणि पुढची अकरा मिनिटं निवेदन उणे १८ वर. एकूण मोजमाप येतं साधारण उणे १६.४, अगदी लक्ष्यावर. प्रत्यक्षात मात्र शीर्षकसंगीत निवेदनापेक्षा आठ डेसिबल मोठं आहे. श्रोता दचकून आवाज कमी करतो आणि कथा सुरू झाली की पहिली दोन वाक्यं त्याला ऐकू येत नाहीत. यूट्यूब मोठ्या फाइलचा आवाज स्वतःहून कमी करतं, तेव्हा कमी होते ती सगळी फाइल, निवेदनासकट. म्हणजे शीर्षकसंगीताच्या गोंगाटाचा दंड निवेदिकेला बसतो. तसंच निवेदन संगीतात बुडालेली फाइलसुद्धा बिनचूक उणे १६ दाखवू शकते. लक्ष्याचा आकडा बोलण्याच्या स्पष्टतेबद्दल काही सांगत नाही. तो एवढंच सांगतो की आधीच्या आणि नंतरच्या कार्यक्रमाच्या तुलनेत तुमचा कार्यक्रम किती मोठा वाजेल.

स्पष्टतेची परीक्षा माणसावरच घ्यावी लागते. फाइल मोबाइलच्या स्पीकरवर, हळू आवाजात, स्वयंपाकघरात नळ चालू असताना लावा. संहिता न वाचलेल्या, शक्यतो साठीच्या पुढच्या कुणाला तरी ऐकवा आणि कथेतली गावांची, माणसांची नावं लिहून घ्यायला सांगा. वाक्य संदर्भानं अंदाजानं कळतं, पण अनोळखी नाव नीट ऐकू आलं तरच लिहिता येतं. एक जरी नाव चुकलं, तरी संगीत आणखी तीन डेसिबल खाली घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा. ऐकणाऱ्याशी वाद घालू नका.