कंपोझिशनवाल्याने कोणते बिल फाडावे?

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला. तेव्हापासून छोट्या दुकानदारांपैकी पुष्कळांनी कंपोझिशन योजना घेतली. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत, व्यापाऱ्याला विक्रीवर एक टक्का कर, तीन महिन्यांनी एकदा भरणा आणि वर्षाला एक रिटर्न. एवढे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण त्याच दुकानदाराच्या गल्ल्यावरचे बिलबुक उचलून पाहिले तर निम्म्या ठिकाणी डोक्यावर 'टॅक्स इन्व्हॉइस' छापलेले असते, काही ठिकाणी 'कॅश मेमो', आणि जे खरोखर छापायला हवे ते क्वचितच दिसते. छापखानेवाला जो नमुना दाखवतो तो दुकानदार पसंत करतो. कागद गुळगुळीत आहे की नाही हे पाहतो, मथळा वाचत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मामला सरळ आहे. टॅक्स इन्व्हॉइस त्याने द्यावे जो गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेतो आणि सरकारात भरतो. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून कर घेण्याची मनाई आहे आणि स्वतःच्या खरेदीवरील कराची वजावटही त्याला मिळत नाही. म्हणून त्याचा कागद वेगळा. त्याचे नाव 'बिल ऑफ सप्लाय'.

मग कॅश मेमो कुठून आला? जुन्या विक्रीकराच्या काळात आणि नंतर २००५ साली आलेल्या व्हॅटमध्येही 'बिल किंवा कॅश मेमोरँडम' हे शब्द कायद्यातच होते. आमच्या पिढीचा हात त्याच बुकावर बसला. जीएसटीत या नावाचा वेगळा कागद नाही. रोखीने माल विकला म्हणून कागदाची जात बदलत नाही. रोख असो वा उधारी, कंपोझिशनवाल्याचे बिल ऑफ सप्लायच. कुणाला सवयीने 'कॅश मेमो' हे शब्द हवेच असतील तर मोठ्या अक्षरात 'बिल ऑफ सप्लाय' छापून त्याखाली ते लहान अक्षरात घालावेत. मात्र आतला मजकूर पुरा पाहिजे.

मजकूर काय पाहिजे? आपले नाव, पत्ता, जीएसटी नंबर, ओळीने चालणारा बिल नंबर, जो त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये आणि सोळा अक्षर-अंकांपेक्षा लांब नसावा, तारीख, मालाचे वर्णन व एचएसएन कोड, सूट वजा जाता किंमत, आणि सही. गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर त्याचे नाव, पत्ता आणि नंबरही. सर्वांत वर एक वाक्य छापणे सक्तीचे आहे: 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाईज'. मतलब, मी कंपोझिशनमध्ये आहे, मला कर घेता येत नाही. 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन' हे शब्द दुकानाच्या दर्शनी पाटीवरही हवेत, आणि दुसरे दुकान वा गोदाम असेल तर तिथेही.

या बिलात कराचा रकाना नसतो. पाच टक्के तर नाहीच, पण काही हुशार दुकानदार 'जीएसटी १ टक्का' अशी ओळ घालून तेवढे पैसे वर घेतात, तेही चालत नाही. तो एक टक्का आपल्या गल्ल्यातून जायचा आहे. भाव ठरवताना तो मनात धरावा, कागदावर आणू नये.

किरकोळ मालाची सवलत लक्षात ठेवावी. दोनशे रुपयांच्या आतली विक्री असेल, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तर फॉल, अस्तर, रुमाल यांची वेगवेगळी बिले फाडण्याची गरज नाही. रात्री गल्ला मोजताना अशा सगळ्या विक्रीचे एक एकत्रित बिल करावे लागते. आमच्या पाहण्यात बहुतेक जण पहिला भाग पाळतात आणि रात्रीचे बिल विसरतात. मग `CMP-08` मध्ये दाखवलेली उलाढाल आणि बिलबुकाची बेरीज जुळत नाही, आणि अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न तिथूनच निघतो.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. दुकानात शाळेचे गणवेश शिवणारा एक कारागीर येतो. त्याचा स्वतःचा जीएसटी नंबर आहे, तो साध्या पद्धतीने कर भरतो. दोनशे मीटर कापड पसंत करतो आणि म्हणतो, "चाचा, पक्के बिल द्या, जीएसटी दाखवून. मला तो मजरा मिळतो." दुकानदाराला दोनशे मीटरचे गिऱ्हाईक सोडवत नाही. कपाटात जुने टॅक्स इन्व्हॉइसचे बुक पडलेले असते. तो १२५ रुपये मीटरने २५,००० रुपये लिहितो, खाली पाच टक्क्यांचे १,२५० लावतो आणि खुशीने देतो.

यात कुणाचे भले होत नाही. गिऱ्हाइकाला करवजावट मिळायची तर ते बिल त्याच्या `GSTR-2B` या तक्त्यात दिसावे लागते, आणि तिथे ते तेव्हाच उतरते जेव्हा विकणारा आपली बिलवार विक्री `GSTR-1` मध्ये भरतो. कंपोझिशनवाला हे रिटर्न भरतच नाही. त्याच्या तिमाही भरण्यात फक्त एकूण आकडा असतो. म्हणजे कागद कितीही पक्का दिसला तरी त्या १,२५० रुपयांची वजावट गिऱ्हाइकाला मिळणार नाही. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तक्ता तयार होतो, त्यात बिल नसते, आणि तो भांडायला येतो. दुकानदारावर तर दुहेरी आफत. घेतलेला कर त्याचा नाहीच, तो सरकारात भरावाच लागतो. तीन महिन्यांत भरला नाही तर दहा हजार रुपये किंवा त्या कराएवढी रक्कम, यांतील मोठी असेल तेवढा दंड केंद्राच्या कायद्यात आहे आणि राज्याच्या कायद्यातही तसाच.

मग त्या कारागिराला सरळ काय सांगावे? हिशेब मांडून सांगावे. समजा, हे कापड दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याकडून १०० रुपये मीटर अधिक ५ रुपये कर असे घेतले. वजावट नसल्याने त्याची पडत १०५. तो १२५ ला विकतो, १ रुपया २५ पैसे कर भरतो, हातात १८ रुपये ७५ पैसे राहतात. समोरचा साध्या पद्धतीचा दुकानदार तेच कापड १२० अधिक ६ रुपये कर, म्हणजे १२६ ला विकतो. त्याची पडत १०० आणि नफा २० रुपये. गिऱ्हाइकाने १२६ मोजले तरी ६ रुपये त्याला वजावटीत परत मिळतात, त्याला कापड १२० ला पडते. आपल्याकडे ते पुरे १२५ ला पडले. त्याच्या भावाला टक्कर द्यायची तर कंपोझिशनवाल्याला १२० घ्यावे लागतील, आणि तेव्हा हातात १३ रुपये ८० पैसेच उरतात. दोनशे मीटरवर २,७६० रुपये, समोरच्याचे ४,०००.

म्हणून त्या कारागिराला म्हणावे, "मास्टर, माझे बिल ऑफ सप्लाय आहे, यात मजरा नाही. पण मीटरला पाच रुपये कमी लावतो." त्याला परवडले तर घेईल. असे गिऱ्हाईक महिन्यातून एखादे येत असेल तर एवढा नफा सोडून योजनेत राहणे शहाणपणाचे. दर आठवड्याला येत असतील तर बिलबुक बदलून भागणार नाही, योजनाच बदलावी लागेल. मीटरने विकल्या जाणाऱ्या कापडावर कर पाच टक्केच असल्याने कंपोझिशनमध्ये कराची बचत फारशी नाही, कधी उलट तोटाच आहे. आहे ती कागदी कामाची सुटका. ज्याचे सारे गिऱ्हाईक घरगुती आहे त्याला ती सुटका मोलाची.

कोल्हापूरकडच्या व्यापारी बंधूंसाठी थोडे वेगळे. तिथे लग्नाचा बस्ता बांधायला बेळगाव-निपाणीची कुटुंबे येतात. कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला तर विक्री त्या पत्त्याच्या जागी झाली असे धरतात. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता लिहिल्यासारखेच. पत्ता नसेल तर विक्री दुकानातच झाली. काउंटरवर माल हातात घेऊन जाणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकाचा पत्ता या बिलाला लागतच नाही, तरी हौसेने 'रा. बेळगाव, कर्नाटक' लिहिणारे मुनीम आहेत. ट्रान्सपोर्टने पार्सल धाडायचे तर पत्ता लिहावाच लागतो. ते काम कंपोझिशनवाल्याने अंगावर घेऊ नये.

आणि शेवटी सीझनची गोष्ट. २०२५ साली रमजान ईद ३१ मार्चला आली, म्हणजे महिनाभराची सारी विक्री आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात पडली. ज्याची फेब्रुवारीअखेर १ कोटी ३८ लाखांची विक्री झाली होती, त्याला रमजानात बारा लाखांचीच जागा उरली. उलाढाल ज्या दिवशी दीड कोटीच्या वर जाते त्याच दिवसापासून योजना सुटते. वर्ष संपायची वाट पाहिली जात नाही. त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीला टॅक्स इन्व्हॉइस, सात दिवसांत पोर्टलवर `CMP-04`, आणि हातात असलेल्या मालावरील कराची वजावट हवी असेल तर तीस दिवसांत `ITC-01`. उलाढाल पॅन नंबरवर मोजतात. एका नावाची दोन दुकाने असतील तर दोन्हींची बेरीज. ५२५ रुपयांना विकलेल्या कापडात त्या दिवसापासून ५०० रुपये किंमत आणि २५ रुपये कर असतो, गिऱ्हाईक तेवढेच पैसे देत असले तरी.

चाँदरातीच्या गर्दीत छापखाना उघडा नसतो. म्हणून ज्यांचा आकडा जानेवारीअखेर सव्वा कोटीच्या पुढे गेला आहे त्यांनी टॅक्स इन्व्हॉइसची दोन बुके वेगळ्या नंबरमालिकेने आधीच छापून ठेवावीत आणि कपाटात कुलपात ठेवावीत, कारण नोकर हाताला येईल ते बुक उघडतो. रोजच्या बिलांची बेरीज बिल ऑफ सप्लायच्या बुकाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहीत जावी. आकडा ओलांडला की ते बुक त्याच पानावर रेघ मारून, तारीख घालून बंद करावे. उरलेली कोरी पाने फाडू नयेत, ती बुकासह जपून ठेवावीत.